कंपनी सचिवाचे केवायसी पुष्टीपत्र

बँक आपल्या खातेदार कंपनीची ओळख पडताळताना जो फॉर्म पाठवते, त्याला कंपनी सचिवाने दिलेले चार-सहा ओळींचे लेखी उत्तर म्हणजे केवायसी पुष्टीपत्र. त्यात मुख्यतः दोन गोष्टी कळवलेल्या असतात: कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय कोठे आहे आणि कंपनी कोणत्या तारखेला स्थापन झाली. उत्तर लेटरहेडवर किंवा बँकेकडे नोंदलेल्या ईमेलवरून जाते आणि व्यवहारात बहुधा इंग्रजीत लिहिले जाते.

खाते उघडताना बँक मूळ कागदपत्रे घेतेच. हे पत्र नंतरच्या नियतकालिक पडताळणीत लागते. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीविषयक निर्देशांनी ही पडताळणी जोखमीनुसार ठरवली आहे. जास्त जोखमीच्या ग्राहकाची दर दोन वर्षांनी, मध्यम जोखमीच्या ग्राहकाची दर आठ वर्षांनी आणि कमी जोखमीच्या ग्राहकाची दर दहा वर्षांनी निदान एकदा ती व्हायला हवी. कंपनीच्या माहितीत काहीच बदल झाला नसेल, तर तसे स्वयंघोषणापत्र पुरते. ते नोंदणीकृत ईमेलवरून, नेट बँकिंगमधून किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या पत्राने देता येते. बदल झालेला असेल, तर बँकेला नवीन कंपनी-ग्राहक घेताना करते तीच प्रक्रिया पुन्हा करावी लागते. म्हणून पत्र लिहायला बसण्याआधी सचिवाने स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की मागच्या पडताळणीनंतर काही बदलले आहे का? बदलले असेल, तर ‘माहिती पूर्वीप्रमाणेच आहे’ हे वाक्य लिहिता येत नाही, मग बँकेचा अधिकारी फोनवर कितीही घाई करो.

हे पत्र सचिवच का देतो, याचे उत्तर कंपनी कायदा, २०१३ मध्ये आहे. कंपनीच्या वतीने प्रमाणित करायच्या कागदांवर मुख्य व्यवस्थापकीय अधिकारी किंवा संचालक मंडळाने अधिकृत केलेली व्यक्ती सही करू शकते (कलम २१), आणि पूर्णवेळ कंपनी सचिव हा मुख्य व्यवस्थापकीय अधिकाऱ्यांपैकी एक असतो. शिवाय कंपन्यांची नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे, म्हणजे आरओसीकडे, भरलेले फॉर्म आणि मिळालेली प्रमाणपत्रे त्याच्याच फायलीत असतात. लेखा विभागाला कंपनीचा पत्ता माहीत असतो खरा, पण तो बहुतेक वेळा बिलावरचा पत्ता असतो.

नोंदणीकृत पत्ता

एका कंपनीचे अनेक पत्ते असतात: कारखाना, कॉर्पोरेट ऑफिस, शाखा, गोदाम, जीएसटी नोंदणीतली ठिकाणे. त्यांतला नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता एकच असतो. कायद्याची नोटीस, समन्स, निबंधकाचा पत्रव्यवहार तिथे येतो. कलम १२ नुसार कार्यालयाबाहेर कंपनीचे नाव आणि हा पत्ता लिहिलेली पाटी लागते, आणि लेटरहेडवर नाव व पत्त्याबरोबर सीआयएन हा कंपनीचा ओळख क्रमांक, दूरध्वनी आणि ईमेल छापावे लागतात. म्हणजे ज्या कागदावर सचिव उत्तर लिहितो, त्याच कागदाच्या तळाशी पत्ता आधीच छापलेला असतो. छापलेला पत्ता जुना आणि मजकुरातला नवा, असे एकाच पानावर दिसले की बँक पत्र परत पाठवते, आणि ते योग्यच आहे.

बँकेला नोंदणीकृत पत्ता आणि व्यवसायाचे मुख्य ठिकाण ही दोन्ही माहिती हवी असते, ती वेगळी असतील तर वेगवेगळी. फॉर्मवर नुसते ‘कंपनीचा पत्ता’ छापलेले असले, तरी उत्तरात दोन्ही नावानिशी लिहावेत. पत्ता स्मरणातून किंवा जुन्या पत्रावरून उतरवू नये. तो निबंधकाकडे शेवटी मंजूर झालेल्या `INC-22` मधून, म्हणजे नोंदणीकृत कार्यालय कळवण्याच्या फॉर्ममधून, घ्यावा, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरील मास्टर डेटाशी ताडून पाहावा. बँकेचा अधिकारीही तेच पान उघडून बघणार असतो. पिनकोडमधला एक आकडा किंवा गट नंबराऐवजी पडलेला सर्व्हे नंबर एवढ्यावरही फॉर्म अडतो.

स्थापना दिनांक

तारखेचा घोळ पत्त्यापेक्षा अधिक वेळा होतो, कारण जुन्या कंपनीकडे एकाहून अधिक प्रमाणपत्रे असतात. स्थापना दिनांक म्हणजे पहिल्या इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेटवरची तारीख. त्या दिवसापासून कंपनी कायद्याने स्वतंत्र व्यक्ती ठरते (कलम ९). पुढे नाव बदलले की नवे प्रमाणपत्र मिळते. प्रायव्हेटची पब्लिक झाली, की निबंधक आधीची नोंदणी बंद करून पहिल्या नोंदणीसारखेच प्रमाणपत्र देतो (कलम १८). त्या कागदाखाली ते प्रमाणपत्र दिल्याची तारीख असते आणि मूळ तारीख मजकुराच्या मधल्या वाक्यात दडलेली असते. घाईत वाचणारा खालची तारीख उचलतो. रूपांतराने कंपनी नव्याने जन्माला येत नाही, तिची आधीची कर्जे, करार आणि देणी तशीच चालू राहतात. म्हणून तारीखही मूळचीच राहते. व्यवसाय सुरू केल्याची तारीख ही आणखी वेगळी. बँकेच्या फॉर्मवर तिच्यासाठी बहुधा स्वतंत्र रकाना असतो, आणि दोन्ही रकान्यांत एकच तारीख भरण्याची चूक पुष्कळदा दिसते.

तारीख ताडून पाहण्याचा सोपा मार्ग सीआयएनमध्ये आहे. हा एकवीस खुणांचा क्रमांक असतो. पहिले अक्षर कंपनी सूचिबद्ध आहे की नाही ते सांगते, त्यानंतर उद्योगाचे पाच आकडे, मग राज्याची दोन अक्षरे, मग स्थापनेच्या वर्षाचे चार आकडे, मग कंपनीचा प्रकार सांगणारी तीन अक्षरे आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. इन्फोसिसचा सीआयएन `L85110KA1981PLC013115` आहे. ही कंपनी १९८१ मध्ये पुण्यात प्रायव्हेट लिमिटेड म्हणून स्थापन झाली, नंतर तिचे कार्यालय बंगळूरला गेले, ती पब्लिक झाली आणि तिचे नावही बदलले. क्रमांकात आज कर्नाटकाचे `KA` आणि पब्लिक कंपनीचे `PLC` दिसतात, पण वर्ष मात्र १९८१ हेच आहे. राज्य आणि प्रकार बदलले, तरी वर्ष बदलत नाही. फॉर्मवरचे वर्ष या चार आकड्यांशी जुळत नसेल, तर चूक कुठेतरी आहेच.

तारखेचा दुसरा साक्षीदार पॅन कार्ड. व्यक्तीच्या कार्डावर जिथे जन्मतारीख असते, तिथे कंपनीच्या कार्डावर स्थापना दिनांक असतो. बँक पॅनची पडताळणी आयकर विभागाच्या नोंदीशी करते. पूर्वी पॅनसाठी वेगळा अर्ज करावा लागे आणि त्यात तारीख चुकीची गेलेली असू शकते. अशा वेळी सचिवाचे पत्र अगदी बरोबर असूनही फॉर्म पुढे सरकत नाही. पत्रात तारीख बदलून ती पॅनशी जुळवणे हा मार्ग नव्हे. पॅनमध्ये दुरुस्ती करून घ्यावी लागते.

एक उदाहरण

समजा, एक कंपनी ३ एप्रिल २००६ रोजी भोसरीत प्रायव्हेट लिमिटेड म्हणून स्थापन झाली. २ ऑगस्ट २०१८ रोजी ती पब्लिक लिमिटेड झाली. १ नोव्हेंबर २०२३ पासून तिचे नोंदणीकृत कार्यालय बाणेरला गेले, कारखाना मात्र भोसरीतच राहिला. आता बँकेचा आधीच भरलेला फॉर्म आला आहे: पत्ता भोसरीचा, स्थापना २ ऑगस्ट २०१८, आणि सीआयएन जुना, म्हणजे मध्ये प्रायव्हेट कंपनीचे `PTC` असलेला. खाली नुसती सही मागितली आहे.

येथे तिन्ही रकाने चुकले आहेत. भोसरी ते बाणेर हे अंतर थोडे असले, तरी पहिले ठिकाण पिंपरी-चिंचवड महापालिकेत आणि दुसरे पुणे महापालिकेत आहे. शहराची हद्द ओलांडली, म्हणून भागधारकांचा विशेष ठराव लागला होता. दोन्ही ठिकाणे पुण्याच्याच निबंधकाखाली येत असल्याने कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या प्रादेशिक संचालकाची मंजुरी लागली नाही. हेच कार्यालय मुंबईच्या निबंधकाच्या क्षेत्रातून पुण्याच्या क्षेत्रात आणले असते, तर ती लागली असती. बदलानंतर ३० दिवसांत `INC-22` भरला गेला. बँकेलाही ३० दिवसांत कळवायचे होते, आणि ते राहून गेले. ही कंपनीची चूक आहे. ती पत्रात सरळ मान्य केलेली बरी, कारण `INC-22` वरची तारीख ती उघड करणारच असते.

उत्तर साधारण असे होईल:

‘आपल्या फॉर्मच्या संदर्भात कळवितो, की कंपनीची स्थापना ३ एप्रिल २००६ रोजी झाली. फॉर्ममधील २ ऑगस्ट २०१८ ही प्रायव्हेट कंपनीचे पब्लिक कंपनीत रूपांतर झाल्याची तारीख आहे. रूपांतरानंतरचा सीआयएन या लेटरहेडवर छापला आहे. नोंदणीकृत कार्यालय १ नोव्हेंबर २०२३ पासून बाणेर, पुणे येथे असून पूर्ण पत्ता सोबतच्या `INC-22` प्रमाणे आहे. ही माहिती आपणास यापूर्वी कळवायची राहिली होती. भोसरी येथील जागा हे व्यवसायाचे मुख्य ठिकाण आहे. वरील माहिती आजच्या तारखेस खरी आहे. सोबत दोन्ही प्रमाणपत्रांच्या आणि `INC-22` च्या प्रमाणित प्रती जोडल्या आहेत.’

महिना अक्षरांत लिहिला आहे तो मुद्दाम. ०३/०४/२००६ असे लिहिले, तर महिना आधी वाचणाऱ्या संगणक प्रणालीत ते ४ मार्च होते. ‘आजच्या तारखेस’ हे शब्दही हवेत, कारण पत्र बँकेच्या फायलीत वर्षानुवर्षे राहते आणि पत्ता उद्या बदलू शकतो. सहीखाली नाव, हुद्दा आणि कंपनी सचिव संस्थेचा सदस्यत्व क्रमांक येतो. भरलेल्या फॉर्मवर नुसती खाडाखोड करून सही करू नये. तो कोरा मागवून नव्याने भरावा.

मर्यादा

सचिवाची सही आपल्या नोंदीत काय आहे एवढेच सांगते. कंपनीचे लाभार्थी मालक कोण, हा बँकेचा पुढचा प्रश्न असतो, आणि पत्ता व तारीख कळवणाऱ्या पत्राने त्याचे उत्तर मिळत नाही. कंपनीत दहा टक्क्यांहून अधिक मालकी असलेल्या व्यक्तींची माहिती वेगळ्या घोषणापत्रात द्यावी लागते. ती बरोबर आहे का, हे बँकेला बदल नसतानाही पाहावे लागते. बाणेरच्या जागेत कार्यालय खरोखर चालते का, हे बँक आपला माणूस पाठवून बघू शकते, आणि निबंधकालाही प्रत्यक्ष पाहणीचा अधिकार आहे.

सर्वच कंपन्यांकडे पूर्णवेळ सचिव नसतो. तो सूचिबद्ध कंपन्यांना आणि दहा कोटी रुपये किंवा अधिक भरणा भागभांडवल असलेल्या कंपन्यांना नेमावा लागतो. लहान कंपनीत हेच पत्र संचालक देतो. बँकेने प्रमाणपत्रच मागितले, तर स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या कंपनी सचिवाकडून, म्हणजे सीएसकडून, घ्यावे लागते. त्यावर यूडीआयएन हा क्रमांक असतो, आणि तो कंपनी सचिव संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून ते प्रमाणपत्र खरोखर त्याच सीएसने दिले आहे का, हे बँकेला तपासता येते.