जिलेटिन भिजवणे (मूससाठी)

जिलेटिन भिजवणे : मूससारख्या थंड गोड पदार्थात घालण्यापूर्वी जिलेटिन गार पाण्यात फुगवून मग मंद उष्णतेवर पातळ करण्याची क्रिया. जिलेटिन हे गुरे, डुकरे किंवा मासे यांच्या कातडी-हाडांतील कोलॅजेनपासून काढलेले प्रथिन आहे. बेकरीच्या धंद्यात या भिजवण्याला ‘ब्लूम करणे’ म्हणतात.

या शब्दाच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. अमेरिकेतील ऑस्कर ब्लूम यांनी जिलेटिनचा घट्टपणा मोजणाऱ्या उपकरणाचे पेटंट १९२५ मध्ये मिळवले आणि जिलेटिनचे बळ आजही ‘ब्लूम’ अंकात सांगतात. ६.६७ टक्के जिलेटिनचे द्रावण १० अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवून थिजवतात, मग १२.७ मिलीमीटर व्यासाचा दट्ट्या त्यात ४ मिलीमीटर दाबायला जितके ग्रॅम वजन लागते, तो त्या जिलेटिनचा ब्लूम अंक. भिजवण्याची क्रियाही त्यांच्याच नावावरून ओळखली जाते, असे एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे ‘उमलणे’ या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द कोरड्या कणांच्या फुगण्याला लागू झाला. भिजवणे आणि बळ मोजणे या वेगळ्या गोष्टी असल्याने दुसरे मत अधिक पटते. वापरणाऱ्याने मात्र हा भेद ध्यानात ठेवावा : पुडीवर छापलेला ब्लूम अंक बळाचा असतो, भिजवण्याच्या वेळेचा नव्हे.

कोरड्या कणावर एकदम गरम पाणी पडले, की त्याचा बाहेरचा थर लगेच चिकट होतो आणि आत पाणी शिरत नाही. ती गुठळी मग कितीही ढवळली तरी मोडत नाही. म्हणून पुडीतले जिलेटिन पाच ते सहा पट गार पाण्यावर पातळ थरात भुरभुरावे आणि दहा मिनिटे हात लावू नये. ते ओल्या वाळूसारखे, सगळीकडे सारखे फुगलेले दिसले पाहिजे. मध्ये पांढरे कोरडे ठिपके असतील तर अजून थांबावे. नंतर वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ५० ते ६० अंशांपर्यंत वितळवतात. उकळी आणल्यास बळ घटते. चमच्याच्या पाठीवर एकही कण उरला नाही, म्हणजे ते पूर्ण वितळले.

तयार मूसमध्ये कधी कधी रबरी धागे आढळतात. त्यांचे कारण बहुधा वितळवण्याच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे जिलेटिन रसात मिसळताना, असते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील उदाहरण पाहू. मे महिन्यात हापूसचा ३०० ग्रॅम रस, ५० ग्रॅम साखर, ३०० ग्रॅम फेटण्याचे क्रीम, ७ ग्रॅम जिलेटिन आणि ते भिजवायला ४० ग्रॅम पाणी घेतले. रस फ्रिजमधून काढून त्यात वितळलेले जिलेटिन थेट ओतले, तर ते पडताक्षणी थिजते आणि मूसमध्ये पारदर्शक दोरे सापडतात. रस आधी बाहेर काढून ठेवावा. त्यातले तीन-चार चमचे जिलेटिनच्या वाटीत घालून एकजीव करावेत आणि मगच ते मिश्रण ढवळत ढवळत उरलेल्या रसात ओतावे. तरीही दोरे दिसले, तर क्रीम घालण्यापूर्वी रस कोमट करून ते विरघळवता येतात. क्रीम मिसळल्यावर हा उपाय राहत नाही, कारण गरम केल्यास फेस बसतो.

इथे ऋतू महत्त्वाचा ठरतो. एप्रिल-मेच्या दुपारी ओट्यावर ठेवलेला रस कितीही वेळ थांबले तरी दाटत नाही. भांडे बर्फाच्या पाण्यात धरून तो २२ ते २५ अंशांवर आणावा लागतो. नळाचे पाणीही तेव्हा कोमट असते, म्हणून भिजवायला फ्रिजचेच पाणी घ्यावे. उलट पावसाळी गारठ्यात किंवा डिसेंबरच्या सकाळी वितळलेले जिलेटिन वाटीतच घट्ट होऊ लागते. अशा वेळी वाटी गरम पाण्यातून शेवटच्या क्षणीच काढावी.

क्रीम मऊ शेंडे येण्याइतकेच फेटून हलक्या हाताने मिसळतात. थंड क्रीममुळे मिश्रण काही मिनिटांत दाटते. मूसमध्ये आंब्याच्या फोडी घालायच्या असतील, तर त्याची वेळ हीच. मूसमध्ये हवा असते, आंब्याची फोड त्याहून जड असते. पातळ मिश्रणात ती सरळ तळाला जाते. चमचा ओढल्यावर पडलेली रेघ दोन-तीन सेकंद टिकली, की एक सेंटिमीटरच्या फोडी टिपकागदावर कोरड्या करून घालाव्यात. ओल्या फोडीभोवती रस सुटतो आणि तेवढी जागा सैल राहते. फ्रिजमध्ये सेट व्हायला साधारण चार तास लागतात.

कच्चे अननस, पपई, किवी आणि ताजे अंजीर यांतील पाचक द्रव्ये जिलेटिन तोडतात. ही फळे आधी उकळून घ्यावीत. डबाबंद अननस चालतो.

शाकाहारी घरांत जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरतात, पण वरील रीत त्याला लागू नाही. ते पाण्यात उकळूनच विरघळते आणि ३५ ते ४० अंशांच्या आसपास, म्हणजे कोमट असतानाच, थिजते. त्यामुळे गार क्रीममध्ये ते जिलेटिनपेक्षा लवकर दाणेदार होते.