प्राणाग्निहोत्र

प्राणाग्निहोत्र : श्रौत अग्निहोत्राची आहुती बाहेरच्या अग्नीत न देता अन्नाच्या घासाबरोबर स्वतःच्या प्राणांत देण्याचा विधी. वैदिक यज्ञ अंतर्मुख कसा झाला, हे या एका विधीतून सर्वांत स्पष्ट दिसते.

मूळ अग्निहोत्र रोज संध्याकाळी आणि सकाळी करावयाचे असते. त्यासाठी गार्हपत्य, आहवनीय आणि दक्षिणाग्नी असे तीन अग्नी लागतात. गाईचे दूध मातीच्या अग्निहोत्रस्थालीत घेऊन गार्हपत्यातून बाजूला काढलेल्या निखाऱ्यांवर तापवतात. पेटत्या काडीच्या उजेडात ते पाहतात आणि पाण्याचा थेंब टाकून खाली उतरवतात. मग स्रुव या लहान पळीने चार वेळा दूध अग्निहोत्रहवणी या लांब दांड्याच्या पळीत घेतात. आहवनीयावर समिधा ठेवून पहिली आहुती संध्याकाळी अग्नीला आणि सकाळी सूर्याला मंत्राने देतात. दुसरी प्रजापतीला, मुकाट्याने. उरलेले दूध यजमान प्राशन करतो. दूध उतू गेले, सांडले किंवा अग्नी विझला तर प्रत्येकासाठी वेगळे प्रायश्चित्त आहे. सकाळची आहुती सूर्योदयापूर्वी द्यावी की नंतर, यावर शाखांत जुना मतभेद असून ऐतरेय ब्राह्मण उदयानंतरच्या होमाचा पक्ष घेते.

द्रव्य नसेल तर काय, हा प्रश्न ब्राह्मणग्रंथांनीच उपस्थित केला. शतपथ ब्राह्मणात (११.३.१) जनक याज्ञवल्क्याला विचारतो, दूध नसेल तर कशाने हवन करशील? तांदूळ आणि जव. तेही नसतील तर? इतर वनस्पती, मग रानातल्या, मग झाडांची फळे, मग पाणी. पाणीही नसेल तर? तेव्हा इथे काहीच नव्हते, तरी हवन झालेच : सत्याचे, श्रद्धेमध्ये. येथे अग्निहोत्र मोडीत निघत नाही. द्रव्य एकेक पायरीने सुटत जाते, आहुतीची क्रिया मात्र टिकते.

कौषीतकी उपनिषद (२.५) याहून पुढे जाते. माणूस बोलत असतो तोवर श्वास घेऊ शकत नाही, म्हणजे तो प्राणाची आहुती वाणीत देतो. श्वास घेतो तेव्हा बोलू शकत नाही, म्हणजे वाणीची आहुती प्राणात देतो. जागेपणी आणि झोपेतही चालणारे हे ‘आंतर अग्निहोत्र’ प्रतर्दनाच्या नावाने सांगितले आहे.

प्रत्यक्ष विधीचा आराखडा छांदोग्योपनिषदात (५.१८–२४) मिळतो. तेथे राजा अश्वपती सांगतो : वैश्वानर म्हणजे सर्वांत वसणाऱ्या आत्म्याची छाती ही वेदी, केस हे दर्भ, हृदय गार्हपत्य, मन दक्षिणाग्नी आणि मुख आहवनीय. जेवणात पहिले येणारे अन्न हे होमद्रव्य. प्राण, व्यान, अपान, समान, उदान या क्रमाने पाच आहुती. हे न जाणता केलेले अग्निहोत्र निखारे बाजूला सारून राखेत हवन करण्यासारखे, असेही तेथे बजावले आहे.

ही कल्पना कोठून आली, याविषयी एकमत नाही. अश्वपती, जनक, प्रतर्दन हे राजे असल्याने जर्मन अभ्यासक पॉल डॉयसन प्रभृतींनी क्षत्रियांच्या विचारमंथनाकडे बोट दाखवले. डच अभ्यासक हेस्टरमन यांच्या मते यज्ञाच्या स्वतःच्या विकासातच त्याचे अंतर्मुख होणे दडलेले होते. शतपथातील संवाद पाहता दुसरे मत अधिक पटते, कारण तो कर्मकांडाच्या परिभाषेतच चालतो. या ग्रंथांचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. आठवे ते सहावे शतक असा मानतात. त्याहून नेमकेपणा आणणे कठीण आहे.

आंतरयज्ञ आला म्हणून बाह्य यज्ञ संपला, असे विदर्भाचा पुरावा म्हणू देत नाही. नागपूरजवळच्या नंदिवर्धनातून (नगरधन) राज्य करणाऱ्या वाकाटकांच्या ताम्रपटांत पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेधांसह अग्निष्टोम, वाजपेय आदी यज्ञ केल्याची यादी आहे. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी हे लेख संपादित केले. दुसरा रुद्रसेन मात्र चक्रपाणी विष्णूचा भक्त म्हणून वर्णिला आहे. गीतेतही (४.२९) अपानात प्राणाचे आणि प्राणात अपानाचे हवन करणारे साधक द्रव्ययज्ञ करणाऱ्यांच्या शेजारीच येतात.

मराठी घरांतील आजचे रूप असे : पानाभोवती पाणी फिरवून उजव्या बाजूस भाताच्या चित्राहुती घालतात. ‘अमृतोपस्तरणमसि’ म्हणून आपोशन घेतात, आणि तूप-भाताचे छोटे घास दातांना न लावता गिळतात. आहुती चावली की तिचे साधे जेवण होते, म्हणून घास लहान घ्यायचा आणि मध्ये बोलायचे नाही. येथील क्रम प्राण, अपान, व्यान, उदान, समान असा छांदोग्याहून वेगळा असून शेवटी ‘ब्रह्मणे स्वाहा’ ही सहावी आहुती येते. जेवणानंतरचे आपोशन ‘अमृतापिधानमसि’ या मंत्राने होते. मुंजीत बटूला हे शिकवतात. एरवी पंगतीत ‘वदनी कवळ घेता’ हा श्लोक म्हटला जातो, आणि त्यातील ‘उदरभरण नोहे, जाणिजे यज्ञकर्म’ ही ओळ याच परंपरेची आहे.