समावेशाचे निकष वेगळे, बायसची तपासणी वेगळी

जळगावच्या एका विद्यार्थिनीने तिच्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधून तपासणाऱ्या आढाव्याचा, प्रोटोकॉल मला वाचायला दिला. प्रश्न आपल्या शिवारातला होता: कपाशीत चवळी, मका असं आंतरपीक घेतलं तर सलग कपाशीपेक्षा ढालकिडे, क्रायसोपा, कोळी असे मित्रकीटक जास्त दिसतात का? समावेशाच्या निकषांत शेवटची ओळ होती, ‘फक्त चांगल्या दर्जाचे अभ्यास घेतले जातील.’ तिथेच मला पेन काढावं लागलं.

समावेशाचा निकष एकच विचारतो: हा अभ्यास आपल्या प्रश्नाचा आहे का? पीक कपाशी आहे, आंतरपीक आहे, तुलनेला सलग कपाशी आहे आणि मित्रकीटक मोजलेत, एवढं असलं की अभ्यास आत. बायसची, म्हणजे आकडा एका बाजूला ओढणाऱ्या दोषांची, तपासणी त्यानंतरची. ती आत आलेल्या प्रत्येक अभ्यासाला विचारते, तुझ्या आकड्यावर किती विसंबायचं? जिनिंगवर गाडी आली की आधी आत कापूसच आहे ना ते बघतात, ओलावा मग मोजतात. ‘चांगला दर्जा’ निकषात घातला की दोन्ही कामं एकाच नजरेत उरकली जातात, आणि काय का वगळलं ते वाचणाऱ्याला कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे न आवडलेला निष्कर्ष ‘दर्जा कमी’ म्हणून बाहेर टाकायला वाट मोकळी होते.

हीच गल्लत शोधसूत्रातही शिरते. तिने शेवटी `AND randomi*` जोडलं होतं. सारांशात तो शब्द न लिहिणारे कितीतरी चांगले प्रयोग त्यामुळे दिसलेच नसते. वेब ऑफ सायन्स या संशोधन-निबंधांच्या डेटाबेससाठी आम्ही सूत्र असं केलं:

```
TS=((cotton OR gossypium) AND
(intercrop* OR "mixed crop*" OR "trap crop*") AND
(predator* OR "natural enem*" OR coccinell* OR
ladybird* OR "lady beetle*" OR chrysop* OR
lacewing* OR spider*))
```

ओळखीचे दहा-बारा निबंध आधी बाजूला काढून ठेवायचे आणि सूत्र ते सगळे पकडतं का ते बघायचं. एखादा सुटला तर त्याचं शीर्षक आणि सारांश उघडून कोणता शब्द राहिला ते शोधायचं. ढालकिड्याला कुणी ladybird लिहितं, कुणी lady beetle. सुटतं ते अशाच जागी. कृषी विद्यापीठांचे प्रबंध कृषीकोश या ऑनलाइन संग्रहात वेगळे शोधावे लागतात. ‘फरक आढळला नाही’ असे निकाल बहुधा तिथेच पडून असतात.

आता समजा, तीन अभ्यास हातात आले. पहिल्यात कपाशी-चवळीत ढालकिडे नीट मोजलेत, पण सलग कपाशीच नाही. मोजणी कितीही काटेकोर असो, तो निकषावर बाहेर. कारण नोंदवायचं: ‘तुलना नाही’.

दुसऱ्यात एक शेत आंतरपिकाचं, एक सलग कपाशीचं, आणि प्रत्येकी वीस झाडं मोजलेली. लेखक नमुना वीस धरतो. खरं तर प्रत्येक बाजूला शेत एकच आहे. वीस झाडं म्हणजे वीस शेतं नव्हेत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये याच चुकीला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव दिलं. शिवाय पद्धतीच्या परिच्छेदात एक ओळ सापडते: सलग कपाशीवर मावा-तुडतुड्यांसाठी दोन फवारण्या झाल्या, आंतरपिकावर एकही नाही. मग ढालकिडे चवळीमुळे वाढले की औषधामुळे दुसरीकडे मेले? हा अभ्यास तरीही आत राहतो, कारण प्रश्न आपलाच आहे. फक्त त्याच्यापुढे ‘बायसचा धोका जास्त’ असं कारणांसह लिहायचं.

तिसऱ्यात चिठ्ठ्या टाकून प्लॉट ठरवलेत, रेप्लिकेशन आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना अनेक प्लॉट आहेत, फवारणी सगळीकडे सारखी. तिने लगेच ‘धोका कमी’ लिहिलं. मी तिला प्लॉटचा आकार बघायला सांगितलं: पाच मीटर बाय चार, एकाला एक लागून. ढालकिडा उडतो. चवळीवरचा मावा खाऊन तो शेजारच्या सलग कपाशीत सहज जाईल आणि खरा फरक पुसट होईल. दुसऱ्या अभ्यासातली फवारणी फरक फुगवते, इथली जवळीक तो दाबते. म्हणून बायस कोणत्या दिशेला ओढतो तेही तक्त्यात लिहावं. जाळं विणून बसणाऱ्या कोळ्यांसाठी हाच प्रयोग त्यामानाने जास्त विश्वासाचा ठरू शकतो, म्हणजे तपासणी अभ्यासागणिक नाही, मोजलेल्या गोष्टीगणिक करायची.

तिने ‘चांगल्या दर्जा’ची ती ओळ खोडली आणि दोन वाक्यं लिहिली. दोघं जण एकमेकांचं न बघता धोका ठरवतील, मतभेद झाला तर कारण नोंदवतील. विश्लेषण एकदा सगळे अभ्यास घेऊन आणि एकदा जास्त धोक्याचे वगळून होईल, दोन्ही उत्तरं शेजारी छापली जातील. हे शोध सुरू करण्याआधीच प्रोटोकॉलमध्ये नोंदवलेलं असल्यामुळे, आकडे बघून कुणाला वगळायचं ते ठरवण्याची सोय आता तिच्याकडेही नाही.