हात पुढे केल्यावर कंप केव्हा सुरू होतो?

हात कापू लागले की पहिली शंका येते ती कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची. खरं तर त्याहून जास्त लोकांना होणारा एक आजार आहे, इसेन्शियल ट्रेमर. दोन्हींत हात कापतात, पण दोन्हींची औषधं वेगळी आणि पुढची वाटचालही वेगळी. त्यांच्यातला फरक बहुतेक वेळा कोणत्याही यंत्राशिवाय, रुग्णाला खुर्चीत बसवून ओळखता येतो. त्यासाठी हात किती जोरात कापतो हे पाहून फारसं भागत नाही. तो कोणत्या स्थितीत असताना कापतो आणि त्या स्थितीत आल्यावर किती वेळाने कापू लागतो, हे बघावं लागतं.

आधी स्थिती. कंपवाताचा कंप हात निवांत असताना दिसतो. हात मांडीवर पडलेला असतो, त्याला काही काम नसतं, आणि अंगठा व तर्जनी एकमेकांवर गोळी वळल्यासारखी फिरू लागतात. वेग सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा. सुरुवात बहुधा एकाच बाजूने होते. तोच हात काही उचलायला पुढे गेला की कंप विरतो. इसेन्शियल ट्रेमरचं उलटं असतं. हात मांडीवर असताना शांत असतो, आणि पेला धरला, सही करायला घेतली, चमचा तोंडाजवळ नेला की दोन्ही हात थरथरतात. काहींची मान ‘हो-हो’ किंवा ‘नाही-नाही’ केल्यासारखी हलते, आवाजही कापरा होतो. कंपवातात मान सहसा अशी हलत नाही. हलते ती हनुवटी, ओठ किंवा पाय.

‘निवांत हात’ म्हणजे नेमका कसा, इथेच अनेकदा चूक होते. खुर्चीचा हात घट्ट धरून बसलेल्या माणसाचे स्नायू काम करत असतात. त्याला इसेन्शियल ट्रेमर असेल तर तो तिथे दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, हा विश्रांतीतला कंप. म्हणून कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग पूर्ण टेकलेला हवा आणि पंजा सैल सोडलेला हवा. मग रुग्णाला शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने आकडे म्हणायला सांगायचं. मन असं गुंतलं की कंपवाताचा दबलेला कंप अर्ध्या-एक मिनिटात बाहेर येऊ शकतो. चालतानाही त्या हाताकडे लक्ष ठेवावं. शरीराच्या बाजूला सैल सोडलेल्या हातात तो बऱ्याचदा ठळक दिसतो.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांना माहीत असतं. गोंधळ पुढे होतो, कारण कंपवाताच्या कित्येक रुग्णांचे हात समोर ताठ धरल्यावरही कापतात. ‘हात पुढे केले की कापतात, म्हणजे इसेन्शियल ट्रेमर’ असा निष्कर्ष काढला तर तो इथे चुकतो. हा गुंता वेळेने सुटतो.

दोन्ही हात खांद्याच्या उंचीला समोर धरायला सांगा आणि मनात सेकंद मोजा. इसेन्शियल ट्रेमरमध्ये हात तिथे पोचतात न पोचतात तोच कंप सुरू झालेला असतो. कंपवातात हात आधी स्थिर राहतात. पाच सेकंद, आठ सेकंद, कधी त्याहून जास्त. मग एका हाताची बोटं हळूच हलू लागतात आणि बघता बघता कंप पुरता भरात येतो. याला पुनरुद्भवी कंप म्हणता येईल, कारण तो मूळचा विश्रांतीतलाच कंप आहे. हात हलवल्याने मेंदूतली ती लय काही काळ मोडते. हात नव्या जागी स्थिरावला, हालचाल संपली, की तीच लय परत जुळते. म्हणूनच त्याचा वेगही मांडीवर दिसणाऱ्या कंपाइतकाच असतो. आता रुग्णाला तळवे फिरवायला किंवा कोपर वाकवायला सांगा. कंप थांबतो आणि पुन्हा काही सेकंदांनी येतो. इसेन्शियल ट्रेमर असा थांबून राहत नाही, कारण तो स्नायू कामाला लागण्याशीच जोडलेला आहे.

तपासताना तीन सेकंदांत ‘ठीक आहे, हात खाली घ्या’ म्हटलं तर हा कंप दिसतच नाही. मी तर म्हणेन, हात निदान पंधरा-वीस सेकंद धरायला लावल्याशिवाय ही तपासणी पूर्ण झाली असं धरूच नये.

समजा, चौसष्ट वर्षांच्या एका गृहस्थांची तक्रार आहे की वर्तमानपत्र धरलं की उजवा हात कापतो. वर्तमानपत्र धरणं म्हणजे काम, म्हणून इसेन्शियल ट्रेमर ठरतो आणि त्यावरचं औषध प्रोप्रॅनोलॉल सुरू होतं. तीन महिन्यांत फरक पडत नाही. नीट विचारल्यावर कळतं की पान उलटताना हात कापत नाही. पान उलटून वाचायला लागलं की थोड्या वेळाने कापतो. पाणी पिताना सांडत नाही, पण पेला हातात धरून गप्पा मारत बसले तर पाणी हिंदकळतं. हात समोर धरल्यावर डावा स्थिर राहतो आणि उजवा सातव्या सेकंदाला सुरू होतो. मग अंगठा व तर्जनी मोठी उघडझाप करत एकमेकांवर आपटायला सांगितली, तर उजवीकडची उघडझाप दहा-बारा वेळांतच लहान आणि संथ होत जाते. ही मंदावणारी हालचाल निदानाला लागतेच. नुसत्या कंपावरून कंपवात ठरत नाही. लिहायला दिलं तर अक्षर ओळीगणिक बारीक होतं. इसेन्शियल ट्रेमरमध्ये अक्षर मोठं आणि नागमोडी येतं, आणि पाणी सांडतं ते नेमकं पेला ओठांजवळ आल्यावर.

वेगावर मात्र फार विसंबू नये. इसेन्शियल ट्रेमर सेकंदाला ४ ते १२ वेळा असू शकतो, म्हणजे दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात. शिवाय फार जुन्या, तीव्र इसेन्शियल ट्रेमरमध्ये विश्रांतीतही थोडा कंप दिसू शकतो. तरीही शंका उरली तर मेंदूतल्या डोपामिनच्या तंतूंचं चित्र देणारा डॅट स्कॅन करतात. तो कंपवातात बिघडलेला आणि इसेन्शियल ट्रेमरमध्ये नॉर्मल येतो.

त्याआधी औषधांची यादी पाहायलाच हवी. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेसाठीचं सिनारिझिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं हुबेहूब कंपवातासारखं चित्र उभं करतात. दम्याचं साल्ब्युटामॉल, फिट्सवरचं व्हॅलप्रोएट आणि वाढलेलं थायरॉइड यांनी हात धरल्याबरोबर बारीक, जलद थरथर येते. यातलं कुठलंही औषध डॉक्टरांना न विचारता बंद करू नये.

डॉक्टरांना दाखवायला मोबाइलवर चित्रीकरण नेणार असाल, तर ते कंप सुरू झाल्यावर सुरू करू नका. आधी हात मांडीवर सैल ठेवून अर्धा मिनिट, मग चित्रीकरण न थांबवता हात उचलून पुढे वीस सेकंद, मग पेल्यातून एक घोट पाणी. हात उचलल्यापासून कंप येईपर्यंतचे मधले शांत सेकंद त्यात आलेच पाहिजेत.