क्रिप्टोविषयक मार्गदर्शक पत्रकांचे कोरियन भाषांतर : काम देण्यापूर्वी वाचा

रांजणगाव, तळेगाव, चाकण भागात नोकरीनिमित्त राहणाऱ्या कोरियन मंडळींना क्रिप्टोचे भारतीय नियम कळावेत, म्हणून करसल्लागार आणि कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग पत्रके काढतात. त्यांचे कोरियन भाषांतर आम्ही कसे करतो आणि त्यात चूक कुठे होते, ते इथे दिले आहे.

कोरियात आभासी मालमत्तेच्या ग्राहकांना संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा १९ जुलै २०२४ पासून लागू आहे. भारतात तसा कायदा नाही. त्यामुळे कोरियन कायद्यातला तयार शब्द उचलून भारतीय नियमाला लावला, की तिथले संरक्षण इथेही मिळते असे वाचक धरून चालतो. छोट्या गुंतवणूकदाराचे नुकसान इथेच होते.

सर्वांत जास्त घोळ क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजवरच्या रुपयांबद्दल होतो. समजा, मूळ पत्रकात वाक्य आहे : ‘एक्स्चेंजवर जमा असलेल्या तुमच्या रुपयांना ठेव विमा लागू नाही.’ ‘जमा’साठी कोरियनमध्ये ‘येगुम’ लिहिले, तर त्याचा अर्थ बँकेतली ठेव असा होतो. मग आपल्या बँक खात्यालाच विमा नाही, असे वाचकाला वाटते. प्रत्यक्षात भारतात बँक ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. ‘येचिगुम’ लिहिले तर शब्द जवळचा वाटतो, पण धोका वाढतो. कोरियन कायद्यात येचिगुम म्हणजे ग्राहकाने एक्स्चेंजकडे दिलेले पैसे. ते एक्स्चेंजला स्वतःच्या पैशांपासून वेगळे, बँकेकडे ठेवावे लागतात आणि एक्स्चेंजचे दिवाळे निघाले तर बँक ते थेट ग्राहकाला परत करते. म्हणजे ‘विमा नसला तरी बँक देईल’ असा अर्थ वाचक काढतो, आणि भारतात कायद्याने तशी हमी दिलेली नाही.

म्हणून आम्ही साधेच लिहितो : ‘गोरेसोए माक्किन रुपी जानेक’, म्हणजे एक्स्चेंजकडे ठेवलेली रुपयांतली शिल्लक. त्यापुढे एक वाक्य जोडावे असे आम्ही सुचवतो : कोरियन कायद्यातली, पैसे बँकेकडे वेगळे ठेवण्याची तरतूद या रकमेला लागू नाही. हे वाक्य मुळात नसते, त्यामुळे तुमची लेखी संमती घेऊनच आम्ही ते घालतो.

‘आभासी डिजिटल मालमत्ता’ या शब्दाचेही तसेच आहे. भारतीय प्राप्तिकर कायद्याच्या या व्याख्येत, काही अपवाद सोडले, तर एनएफटी, म्हणजे एखाद्या डिजिटल वस्तूच्या मालकीची क्रिप्टो नोंद, हेही येतात आणि विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर व वर उपकर लागतो. कोरियन कायद्यातल्या ‘गासांग-जासान’, म्हणजे आभासी मालमत्ता, या शब्दातून मात्र संग्रहासाठी घेतलेले एनएफटी साधारणपणे वगळलेले आहेत. तोच शब्द वापरला तर एनएफटी विकणाऱ्या कोरियन वाचकाला आपल्यावर कर नाही असे वाटेल, आणि पत्रक तुमच्या नावाने गेलेले असेल. आम्ही ‘भारतीय करकायद्यातील गासांग-दिजिथल-जासान’ असे पूर्ण लिहितो आणि पहिल्या उल्लेखातच त्यात एनएफटी येतात हे सांगतो.

वॉलेटच्या, म्हणजे क्रिप्टो ठेवण्याच्या ॲपच्या, भागात ‘प्रायव्हेट की’ला, म्हणजे ते क्रिप्टो खर्च करू देणाऱ्या गुप्त संकेताला, ‘बिमिलबॉनहो’, म्हणजे पासवर्ड, असे कधीही लिहू नये. पासवर्ड विसरला तर नवा मिळतो. की हरवली तर ती परत देणारे कुणीच नसते. ‘गेइनखी’ हा रुळलेला शब्द आहे, तोच ठेवावा. वॉलेट परत मिळवण्यासाठीचे १२ किंवा २४ शब्द नमुना म्हणून छापले असतील, तर ते आम्ही जसेच्या तसे ठेवतो. वॉलेटची किल्ली त्या शब्दांच्या अक्षरांतूनच तयार होते. त्यांचा अर्थ कोरियनमध्ये उतरवून कुणी ते भरले, तर वॉलेट ते नाकारते किंवा भलतेच, रिकामे वॉलेट उघडते. खरेखुरे शब्द मात्र नमुन्यात छापू नका आणि आम्हालाही पाठवू नका.

रकमा वेगळ्याने तपासाव्या लागतात. कोरियन ‘ओक’ म्हणजे दहा कोटी, आणि घाईत एक कोटीला एक ओक लिहिले जाते. पाच लाख म्हणजे पन्नास ‘मान’. आम्ही शब्दांसोबत सगळी शून्ये असलेला आकडाही छापतो.

काम देताना मूळ फाइलसोबत पत्रक कोणत्या तारखेच्या नियमांवर आधारले आहे ते कळवा, आणि शंका आली तर उत्तर देऊ शकेल अशा करसल्लागाराचा संपर्क द्या. आधी आम्ही शब्दांची यादी पाठवतो. प्रत्येक शब्दापुढे कोरियन वाचक त्यातून काय समजेल ते मराठीत लिहिलेले असते. ती मंजूर झाल्यावरच भाषांतर सुरू होते. शेवटी मजकूर आधी न पाहिलेल्या कोरियन वाचकाला भाषांतर वाचायला देऊन तीन प्रश्न विचारतो : एक्स्चेंज बुडाले तर रुपये कोण देईल, एनएफटीवर कर आहे का, की हरवली तर काय करायचे. एक जरी उत्तर मूळ पत्रकाशी जुळले नाही, तर तो परिच्छेद आम्ही जादा शुल्क न घेता पुन्हा लिहितो.