एसीने सर्दी होते का?

"रात्री एसी लावून झोपलो की सकाळी नाक गळतं, शिंका येतात. एसीनेच सर्दी होते ना?"

नाक गळतं हे खरं, पण ती बहुधा सर्दी नसते. सर्दी विषाणूंमुळे होते, बहुतेकदा ऱ्हायनोव्हायरसमुळे, आणि तो दुसऱ्या माणसाकडूनच येतो. गार हवा तो तयार करत नाही. मात्र नाकाला आत येणारी हवा गरम आणि ओलसर करावी लागते. एसीची हवा गार तर असतेच, शिवाय कोरडीही, म्हणून नाकातल्या नसा चाळवतात आणि पाणी सुटतं. पंख्याचा झोत नाक-घसा कोरडा करतो, वर पात्यांवरची धूळ उडवतो. धुळीची ॲलर्जी असेल तर शिंका आल्याच.

ओळखायचं वेळेवरून. समजा, रात्री अकराला एसी लावला, दहा मिनिटांत नाक वाहू लागलं आणि सकाळी खोलीबाहेर आल्यावर तासाभरात थांबलं. ही नुसती चिडचिड. विषाणू शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. मग घसा खवखवतो, स्राव घट्ट होतो आणि आठवडाभर मुक्काम असतो.

तरी गारठ्याने सर्दी होते हे आजीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही हं! २००५ साली ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात एका अभ्यासासाठी ९० जणांनी २० मिनिटं गार पाण्यात पाय बुडवले. पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या १३ जणांनी सर्दीची लक्षणं सांगितली, पाय न बुडवलेल्या ९० पैकी ५ जणांनी. पण विषाणूची तपासणी झालीच नव्हती. शिवाय बंद एसी खोलीत एखादा शिंकणारा असेल, तर संसर्ग त्याच्याकडून येतो, यंत्राकडून नव्हे.