भांग रुंदावतोय, पाळी लांबतेय, आणि टेस्टोस्टेरॉन मात्र ‘नॉर्मल’

केस गळणं आणि केस विरळ होणं यांत फरक आहे, आणि कुठली तपासणी करायची हे बरंचसं त्या फरकावर ठरतं. डेंग्यू, बाळंतपण किंवा कडक डाएट झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी फणीत केसांचे पुंजके येतात. तेव्हा केस सगळ्या डोक्यावरून सारखेच जातात, वेणी बारीक होते, पण भांग फारसा रुंद दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात फणीत फार काही दिसतही नाही. मधला भांग मात्र वर्षभरात रुंद होत जातो, कपाळाजवळ जास्त आणि मागे कमी. कपाळावरची केसांची रेषा जागेवरच राहते. इथे केस मुळापासून बारीक होत चाललेले असतात, म्हणजे प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा पातळ आणि आखूड उगवतो. नीट पाहिलं तर भांगाच्या कडेला जाड केसांमध्ये लवेसारखे केस मिसळलेले दिसतात.

या दुसऱ्या प्रकारासोबत पाळी ३५ दिवसांच्या पुढे जात असेल, किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येत असेल, तर पीसीओएसचा विचार करावा लागतो. आपल्याकडे त्याला सर्रास पीसीओडी म्हणतात. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते: नुसता रुंद भांग हा पुरुषी संप्रेरकं, म्हणजे अँड्रोजन, वाढल्याचा कच्चा पुरावा आहे. ज्या बायकांचा भांग असा रुंदावतो, त्यांतल्या अनेकींचे हार्मोन्स अगदी ठीक असतात. हनुवटीवर, ओठांवर, बेंबीखाली जाड काळे केस येणं हा त्याहून कितीतरी भक्कम पुरावा. त्वचेत टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाच्या जास्त तीव्र संप्रेरकात रूपांतर होतं, आणि तेच डीएचटी हनुवटीवरचा केस जाड करतं आणि टाळूवरचा बारीक. त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं तर थ्रेडिंग किती दिवसांनी करावं लागतं ते लाजून लपवू नये.

आता तपासण्यांकडे वळू. एक उदाहरण घेऊ. २६ वर्षांची मुलगी, पाळी ४५ ते ५० दिवसांनी येते, भांग रुंदावलाय, हनुवटीवर चार-पाच केस येतात. तिचा रिपोर्ट येतो: टोटल टेस्टोस्टेरॉन ४५ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. लॅबची मर्यादा ६०. म्हणजे नॉर्मल. बऱ्याचदा गोष्ट इथेच थांबते आणि हातात केसांच्या गोळ्यांची बाटली येते.

रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरत असतं. त्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे एसएचबीजी, ते यकृतात तयार होतं. त्याला घट्ट बांधलेलं टेस्टोस्टेरॉन केसाच्या मुळापर्यंत काम करायला पोचत नाही, मोकळं असतं तेच पोचतं. पीसीओएस असलेल्या अनेकींच्या रक्तात इन्सुलिन जास्त असतं. हे इन्सुलिन बीजकोशाला जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि वर यकृतातलं एसएचबीजीचं उत्पादनही कमी करतं. म्हणून टोटल आकडा मर्यादेत असूनही मोकळा भाग वाढलेला असू शकतो.

आपल्या मुलीचं एसएचबीजी १९ नॅनोमोल प्रति लिटर आहे. टेस्टोस्टेरॉनचा ४५ हा आकडा २८.८ ने भागला की त्याच एककात १.५६ येतो. त्याला एसएचबीजीने भागून १०० ने गुणायचं, झालं ८.२. याला फ्री अँड्रोजन इंडेक्स म्हणतात. लॅबगणिक मर्यादा थोडी बदलते, पण साधारण ५ च्या वर गेला की तो जास्त धरतात. हेच ४५ टेस्टोस्टेरॉन असलेल्या दुसऱ्या बाईचं एसएचबीजी ६० असेल, तर इंडेक्स येतो २.६. टोटलचा आकडा दोघींचा एकच, पण केसांच्या मुळाशी पोचणारं संप्रेरक वेगळं. म्हणून टोटल टेस्टोस्टेरॉन आणि एसएचबीजी ही जोडी एकत्रच करावी. ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ म्हणून जी थेट किटवरची स्वस्त चाचणी मिळते, ती बायकांच्या कमी पातळीवर भरवशाची नाही.

याखेरीज तीन तपासण्या हव्यात, कारण पीसीओएसचं निदान इतर कारणं बाजूला सारूनच होतं. थायरॉइडसाठी टीएसएच, मग प्रोलॅक्टिन, आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन. शेवटची चाचणी अॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात दोष ओळखते, जो हुबेहूब पीसीओएससारखा दिसतो. ती सकाळी आणि पाळीच्या पहिल्या काही दिवसांत करायची, बीजोत्सर्गानंतर ती आपोआप वाढते. केसांसाठी फेरिटिनही बघावं, कारण हिमोग्लोबिन चांगलं असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो. एलएच आणि एफएसएच या पाळीचं चक्र चालवणाऱ्या संप्रेरकांचं गुणोत्तर मात्र निदानात धरत नाहीत, अजून कितीही रिपोर्टांवर ते लाल अक्षरात येत असलं तरी. आणि पाळी अनियमित असून अँड्रोजन वाढल्याचं दिसलं, तर निदानासाठी सोनोग्राफीचीही गरज उरत नाही.

रक्त द्यायच्या आधी दोन गोष्टी बघाव्यात. पाळी नियमित करायच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर त्या एसएचबीजी खूप वाढवतात आणि टेस्टोस्टेरॉन दाबतात. खरं चित्र दिसायला त्या बंद करून निदान तीन महिने जावे लागतात, अर्थात डॉक्टरांना विचारून आणि गर्भनिरोधाची दुसरी सोय करून. दुसरी गोष्ट जास्त गमतीची. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, कित्येकदा १० मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेच्या तीनशेपट. काही लॅबच्या किटमधली रसायनंच बायोटिनवर चालतात. रक्तात ते जास्त असलं की अशा किटवर टेस्टोस्टेरॉन खोटंच जास्त दिसू शकतं आणि एसएचबीजी व टीएसएच खोटंच कमी. केस गळतात म्हणून घेतलेली गोळी कागदावर पीसीओएससारखं चित्र उभं करू शकते! दोन-तीन दिवस आधी ती थांबवावी आणि लॅबला तसं सांगावं.

टेस्टोस्टेरॉन १५० च्या वर गेलं, किंवा आवाज जाड होऊन काही महिन्यांतच झपाट्याने केस गेले, तर पीसीओएस म्हणून स्वस्थ बसू नये. बीजकोशातली किंवा अॅड्रिनलमधली गाठ शोधावी लागते. असं क्वचितच होतं, पण तिथे उशीर परवडत नाही.

आपल्या उदाहरणातल्या मुलीची पुढची तपासणी साखरेची. पीसीओएसमध्ये त्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, फास्टिंग इन्सुलिनची गरज नसते. तिची उपाशीपोटी साखर ९४, अगदी व्यवस्थित. दोन तासांनंतरची १५२. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी, आणि नुसती उपाशीपोटी साखर बघितली असती तर ती दिसली नसती. आता टाळूला लावायच्या मिनॉक्सिडिलसोबत तिला आहार, व्यायाम आणि वजन यांकडेही बघावं लागेल. भांगात फरक दिसायला सहा महिने तरी जातील, आणि साखरेची हीच तपासणी दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करावी लागेल.